आलं-लसूण: पाकळ्या, पेस्ट आणि पावडर, चमच्याचा हिशेब कसा लावायचा?

खमंग_फोडणी
एका रश्श्याच्या पाककृतीत लिहिलंय: ८ पाकळ्या लसूण आणि १ इंच आलं, बारीक ठेचून. रस्सा कडधान्याचा आहे, कांदा-टोमॅटोत शिजवायचा, ४-५ जणांना पुरेल एवढा. घरात ताजं आलं नाही, लसूणही नाही. आहे ती तयार आलं-लसूण पेस्टची उघडलेली बाटली, लसूण पावडरची डबी आणि सुंठ पूड.

शोधलं तर डोकं गरगरायला लागलं. एकीकडे १ पाकळी म्हणजे १ टीस्पून, दुसरीकडे १ पाकळी म्हणजे अर्धा टीस्पून पेस्ट. पावडरीचं तर १/८ टीस्पूनपासून अर्ध्या टीस्पूनपर्यंत ज्याला जे वाटेल ते. कुणीतरी एकदाचं नीट सांगा. अंदाजपंचे घालायला मलाही येतं, पण नक्की कशाच्या बदल्यात काय, ते हवंय.

नवशिक्या_बल्लव
मी डोळे मिटून २ चमचे पेस्ट घालतो. आजवर कुणी ताटावरून उठून गेलेलं नाही.

खमंग_फोडणी
२ चमचे म्हणजे चहाचे की मोठे? तीच तर गोम आहे.

आकडेमोड
हे गणिताने सुटतं, चवीच्या वादात पडायचं कारण नाही. लसणात साधारण ६० टक्के पाणी असतं, ताज्या आल्यात ८० टक्क्यांच्या आसपास. पावडर म्हणजे पाणी काढून टाकलेला तोच माल.

मध्यम पाकळी सोलून ३ ग्रॅम धरा. ८ पाकळ्या म्हणजे २४ ग्रॅम. त्यातलं पाणी गेलं की साधारण १० ग्रॅम उरतात. लसूण पावडर टीस्पूनला ३ ग्रॅमच्या जवळपास बसते, म्हणजे ३ टीस्पूनहून जरा जास्त. आलं १२ ग्रॅम धरलं तर कोरडं सव्वादोन-अडीच ग्रॅम, म्हणजे सव्वा टीस्पून सुंठ. झालं.

झणझणीत
३ टीस्पून लसूण पावडर ४ जणांच्या रश्श्यात?! अहो, दाराबाहेरून वास येईल.

तोलूनमापून
आकडेमोड, वजनाचं गणित तुमचं बरोबर आहे. पण ते वजनाचं आहे, चवीचं नाही. त्याकडे नंतर येते, आधी पेस्टचा घोळ सोडवू, कारण मूळ प्रश्नातले दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत.

चमचा जागा मोजतो, माल मोजत नाही. लसूण सुरीने बारीक चिरून टीस्पूनमध्ये भरा. तुकड्यातुकड्यांत हवा राहते. सपाट टीस्पूनमध्ये जेमतेम ३ ग्रॅम बसतो, म्हणजे एक मध्यम पाकळी. “१ पाकळी म्हणजे १ टीस्पून” हे त्या चिरलेल्या लसणाचं माप. तोच लसूण पाणी न घालता गुळगुळीत वाटला तर मधली हवा जाते आणि त्याच चमच्यात ५ ग्रॅमच्या आसपास मावतो. म्हणजे घरच्या घट्ट पेस्टच्या एका टीस्पूनमध्ये दीड पाकळीहून थोडं जास्त. तिथून “१ पाकळी म्हणजे अर्धा-पाऊण टीस्पून पेस्ट” हे आलं. लोक चिरलेल्याचं माप पेस्टला लावतात आणि मग रश्श्यात लसूणच लसूण होतो.

बाटलीचं तिसरंच. तिच्यात पाणी, मीठ, तेल आणि आम्ल असतं. तुमच्या बाटलीच्या मागे घटक आणि त्यांचे टक्के छापलेत का, बघा. ते कळल्याशिवाय बाटलीचा चमचा किती पाकळ्यांचा, ते सांगता येणार नाही.

आणि चमचे? मी टीस्पून म्हणते ते ५ मिलि आणि टेबलस्पून म्हणजे १५ मिलि, दोन्ही सपाट. पेस्ट चिकट असते, चमचा शिगोशीग भरला की सहज दीडपट होते. सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढायचा.

बरणीवाली
पेस्ट टिकवायची असेल तर सोपं आहे. घरी वाटून घ्या, वरून बोटभर तेल ओता, झाकण लावा आणि ओट्यावर ठेवा. महिना काढते. बाजारची बाटली आणायचीच कशाला?

तोलूनमापून
बरणीवाली ताई, प्रश्न टिकवण्याचा नव्हता, पण हे वाचून गप्प बसवत नाही. कच्चा लसूण तेलाखाली झाकून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि लसणात आम्ल कमी, अशा जागी बोटुलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. वास, रंग, चव काहीच बिघडत नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही. घरची पेस्ट फ्रिजमध्ये ठेवायची आणि तीन-चार दिवसांत संपवायची. जास्त केली असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची. बाजारची बाटली टिकते ती तेलाने नव्हे, आम्ल आणि उष्णतेच्या प्रक्रियेने.

बरणीवाली
आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, कुणाला काही झालं नाही. पण सांगितलंत ते ध्यानात ठेवते. फ्रिजात जागा करायला लागेल.

खमंग_फोडणी
बाटली बघितली. बारीक अक्षरात आहे: लसूण ४० टक्के, आलं ३५ टक्के, मीठ ८ टक्के, बाकी पाणी, तेल, आम्लता नियंत्रक आणि परिरक्षक. आता?

तोलूनमापून
आता हिशेब बसतो. हाताशी कागद घ्या.

पाककृतीला हवं ते: लसूण ८ पाकळ्या म्हणजे २४ ग्रॅम, आलं साधारण १२ ग्रॅम. म्हणजे लसूण आल्याच्या दुप्पट. तुमच्या बाटलीत मात्र दोन्ही जवळपास सारखे आहेत. इथेच बहुतेकांचं बिनसतं. लसूण पुरा पडेपर्यंत पेस्ट घालत गेलात तर आलं दुपटीच्या जवळ जातं आणि रस्सा घशाला जाळतो. म्हणून पेस्ट मोजायची ती आल्याच्या हिशेबाने.

२ टेबलस्पून पेस्ट म्हणजे साधारण ३२ ग्रॅम. त्यात ३५ टक्क्यांनी आलं ११ ग्रॅम, म्हणजे इंचभराचं काम झालं. लसूण ४० टक्क्यांनी १३ ग्रॅम, म्हणजे सव्वाचार पाकळ्या. उरलेल्या पावणेचार, आपण चार धरू, त्या लसूण पावडरीने भरून काढा. पाकळीला १/८ टीस्पून या मापाने अर्धा टीस्पून पावडर.

सुंठ डबीतच राहू दे, तिची गरज नाही.

मीठ विसरू नका. ३२ ग्रॅमच्या ८ टक्के म्हणजे अडीच ग्रॅम मीठ पेस्टबरोबरच आलं, जवळपास अर्धा टीस्पून. रश्श्याच्या मिठातून तेवढं वजा करा आणि उरलेलं शेवटी चाखून घाला.

नवशिक्या_बल्लव
म्हणजे माझ्या २ चमच्यांत फार चूक नव्हती, मोठे असतील तर.

आकडेमोड
माझं वजनाचं गणित बरोबर म्हणता आणि वर पाकळीला १/८ टीस्पून सांगता. १/८ म्हणजे ०.४ ग्रॅम पावडर. ३ ग्रॅमच्या पाकळीत कोरडा ऐवज १.२ ग्रॅम आहे. तुम्ही दोन तृतीयांश लसूण कुठे गायब केलात?

तोलूनमापून
गायब नाही केला. सुकवताना लसूण फक्त पाणीच गमावतो असं नाही, त्याची चवही बदलते. पाकळी ठेचली की तिच्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि तो झणका, ज्याला अ‍ॅलिसिन म्हणतात, तिथल्या तिथे तयार होतो. तेलात परतताना त्यातला बराचसा उडतो आणि मागे गोडसर, खमंग चव उरते. ८ पाकळ्या आपण घालतो त्या परतून एवढ्या सौम्य होणार, हे गृहीत धरूनच.

पावडर आपण परतत नाही (परतू नये, त्यावर खाली लिहिते), त्यामुळे तिचं असं काही उणं होत नाही. शिवाय ती पिठासारखी बारीक, सगळ्या रश्श्यात सारखी पसरते. पाकळीचे तुकडे मात्र कुठे लागतात, कुठे नाही. त्यामुळे वजनाच्या हिशेबाने तिप्पट पावडर पडली की लसूण लागत नाही, लसूण पावडर लागते. ती चव ओळखू येते: जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, जरा जुनाट गंधकासारखी, आणि दुसऱ्या दिवशीही तोंडात राहते.

आल्याचं जास्त स्पष्ट आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलचा. सुकताना त्याचा काही भाग शोगॉल होतो आणि तो जिंजेरॉलपेक्षा पुष्कळ तिखट असतो. म्हणून सुंठ घशाला झोंबते, पण ताज्या आल्याची ती लिंबासारखी वरची चव तिच्यात नसते. १२ ग्रॅम आल्याला अर्धा टीस्पून सुंठ पुरते. तुमच्या हिशेबाची सव्वा टीस्पून घातलीत तर रस्सा काढ्यासारखा लागेल.

झणझणीत
सुंठेचं मान्य. पण लसूण पावडर पाकळीला १/८ मला कमीच पडते. नुसत्या पावडरीवर रस्सा करते तेव्हा ८ पाकळ्यांसाठी १ टीस्पून घातली तर लसूण आहे की नाही, कळतही नाही. मी पावणेदोन-दोन टीस्पून घालते, म्हणजे पाकळीला जवळजवळ पाव. तास-तासभर शिजणाऱ्या रश्श्याला तर नक्कीच.

तोलूनमापून
यात तुमचं माझं जमणार नाही असं दिसतंय. डबी किती दिवस उघडी आहे, यावरही आहे. जुनी पावडर नाकाशी धरली तर नुसती पिठूळ लागते, तिला पाव टीस्पूनही कमी पडेल. नवी असेल तर १/८ ने सुरुवात करा. दहा मिनिटं उकळल्यावर चाखा, कमी वाटली तर वाढवा. वाढवता येते, काढता येत नाही. नंतर घातलेली पावडरही चार-पाच मिनिटं तरी शिजू द्या, नाहीतर कच्चट लागते.

झणझणीत
माझी डबी नवीच असते हो. पण असो, जिभेचा प्रश्न.

ताज्याचा_आग्रही
सगळे पाकळीला ३ ग्रॅम धरून बसलेत. पाकळ्या एवढ्या सारख्या असतात का? माझ्याकडच्या गड्ड्यात बाहेरच्या पाकळ्या अंगठ्याएवढ्या आणि आतल्या करंगळीच्या नखाएवढ्या.

तोलूनमापून
अगदी खरं. आतली बारकी १ ग्रॅमची असते, मोठ्या जातीची एकेक पाकळी ६-७ ग्रॅमपर्यंत जाते. ८ पाकळ्या लिहिणाऱ्याच्या मनात कुठल्या होत्या, ते त्याला ठाऊक. पाककृतीत काही सांगितलं नसेल तर ३ ग्रॅमची मध्यम धरायची.

आल्याच्या इंचाचं तर विचारूच नका. इंच ही लांबी झाली, जाडी कुणी लिहीतच नाही. २ सेंटिमीटर जाडीचा इंचभर तुकडा साधारण ८ ग्रॅमचा. साडेतीन सेंटिमीटर जाडीचा तेवढाच लांब तुकडा २४ ग्रॅमचा. इंच तोच, आलं तिप्पट. मी १२ ग्रॅम धरले ते अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याचे, साल खरवडून थोडं कमीच भरतं. किसलेलं आलं टेबलस्पूनला सैल भरून ६ ग्रॅम, म्हणजे असा एक इंच किसून सैल २ टेबलस्पून होतो. दाबून भरलात तर एकातच जवळपास मावेल.

खमंग_फोडणी
पावडर परतू नये म्हणालात, ते सांगायचं राहिलं. पाककृतीत आलं-लसूण तेलात गुलाबी होईपर्यंत परता असं आहे.

तोलूनमापून
हो. ताज्या लसणात पाणी असतं. ते उडेपर्यंत लसूण करपत नाही, तेवढी सवड मिळते. पावडरीत पाणीच नाही. तापल्या तेलात पडली की काही सेकंदांत तपकिरी होते आणि कडू. एकदा कडू झाली की टोमॅटो घाला, साखर घाला, ती कडवट चव जात नाही.

तुमच्यासाठी क्रम असा. अर्धा टीस्पून पावडर २ टेबलस्पून पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटं बाजूला ठेवा. पावडर कमी तापमानात सुकवलेली असेल तर पाण्यात तिचं विकर पुन्हा थोडं जागं होतं आणि चव उठते. पाणी गार किंवा कोमट घ्या, उकळतं नको, आणि या वेळी लिंबू-व्हिनेगर घालू नका. आम्लाने ते विकर बंद पडतं.

कांदा परतून झाला की बाटलीतली पेस्ट घाला. तिच्यात पाणी असल्याने ती तडतडून अंगावर उडते, आच कमी करून घाला. कच्चा वास जाऊन कडेला तेल दिसू लागेपर्यंत परता, दोन-तीन मिनिटं. मग टोमॅटो आणि त्याच्याबरोबर ती कालवलेली पावडर. टोमॅटोचं पाणी असल्याने ती करपणार नाही.

मोठा_टोप
माझा प्रश्न यातच घुसवतो. ५० जणांचा रस्सा करायचाय, म्हणजे खमंग_फोडणी यांच्या दहापट. २० टेबलस्पून पेस्ट आणि ५ टीस्पून पावडर, एवढंच ना?

तोलूनमापून
आकडा बरोबर येईल, पण चमच्याने मोजू नका. प्रत्येक चमच्यात थोडा थोडा ढीग राहिला की २० चमच्यांत तो ५-६ चमच्यांचा होतो. सरळ काट्यावर तोला. ताजं असेल तर सोललेला लसूण २४० ग्रॅम आणि आलं १२० ग्रॅम. सालीसकट घ्यायचं तर त्याहून जास्त घ्या. बाटलीतून करायचं असेल तर ३२० ग्रॅम पेस्ट, मीठ मात्र ती पेस्ट घालून झाल्यावरच ठरवा. २५ ग्रॅम मीठ आधीच पडलेलं असतं. पावडर आधी ९ ग्रॅम, म्हणजे ३ टीस्पूनची, तोलून घाला, उकळल्यावर चाखून पुढचं बघा.

मोठा_टोप
५० जणांना चव देणाऱ्या पावडरीला चमच्यावर सोडणं जिवावर आलं होतं. काटा काढतो.

ताज्याचा_आग्रही
हे सगळं शिजवायच्या पदार्थाचं झालं. न शिजवता दह्यात लसूण कालवायचा असेल तर पावडर चालेल?

तोलूनमापून
चालेल, पण तो वेगळा पदार्थ होईल. कच्च्या लसणाचा झणका पावडरीतून तेवढा येत नाही, आणि बाटलीच्या पेस्टमधून तर येतच नाही, कारण तिचं विकर आम्लाने आणि उष्णतेने संपलेलं असतं. बाटली दह्यात घातलीत तर आंबटपणा आणि खारटपणाच पुढे येईल. पावडर घालायची तर आधी पाण्यात भिजवून मगच दह्यात. ताजी पाकळी ठेचत असाल तर ठेचून दहा मिनिटं थांबा, मग दही घाला. लगेच घातलीत तर दह्याचं आम्ल झणका वाढायच्या आधीच त्याला आवर घालतं.

आणखी एक, आल्याबद्दल. मांस मुरवण्यासाठी पाककृतीत ताजं आलं असेल तर ते निव्वळ चवीसाठी नसतं. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्याने मांस मऊ होतं. सुंठ आणि बाटली हे काम करत नाहीत. तिथे किती चमचे, हा प्रश्नच गैरलागू.

नवशिक्या_बल्लव
त्यामुळेच का ताजं आलं दुधात घालून ठेवलं की दूध फाटतं?

तोलूनमापून
तेच विकर. आलं आधी उकळून मग दूध घातलं तर बहुधा फाटत नाही.

लसूण_मीठ_का
माझ्या डबीवर लसूण पावडर नाही, लसूण मीठ लिहिलंय. १/८ टीस्पूनच घालायची ना?

तोलूनमापून
त्यात मीठच जास्त असतं, लसूण कमी. एका पाकळीला साधारण अर्धा टीस्पून लागतं आणि तेवढ्यात बरंच मीठ जातं. ४ पाकळ्यांसाठी २ टीस्पून घातलंत तर बाहेरून चिमूटभरही मीठ लागणार नाही, वर खारट होण्याची भीती. एक-दोन पाकळ्यांपुरतं ठीक आहे. जाड दाणेदार लसूण असेल तर पाकळीला पाव टीस्पून.

खमंग_फोडणी
सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे २ टेबलस्पून पेस्ट, अर्धा टीस्पून पावडर भिजवून, मीठ कमी. लसूण हवा तेवढा लागला, आल्याने घसा धरला नाही. तक्रार एकच, रस्सा जरा आंबट झाला. टोमॅटो पाककृतीत सांगितले तेवढेच, तीन घातले होते.

तोलूनमापून
ते बाटलीतलं आम्ल. २ टेबलस्पून पेस्टबरोबर ते आलंच. पुढच्या वेळी टोमॅटो दोनच घ्या आणि शेवटी लिंबू पिळायचं असेल तर चाखल्याशिवाय पिळू नका. आज उरलेल्या रश्श्यात परतलेला कांदा वाढवून बघा, आंबटपणा बराच दबतो.

झणझणीत
आणि पाव टीस्पून लसूण पावडर अजून. मी आपलं सांगून ठेवते.